कळवतो म्हणाले

‘कळवतो’ हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो मावशीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पाहुणे पोहे खाऊन, चहा घेऊन उठायचे आणि दारात चपला घालता घालता त्यांच्यातलं वडीलधारं कोणीतरी आजोबांना म्हणायचं, “दोन-चार दिवसांत कळवतो.” मग आठवडाभर सगळं घर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं. कधी कार्ड यायचं, ‘पत्रिका जुळत नाही’. पत्रिका खरंच कोणी पाहिली होती का, हे आमच्याकडे कोणी विचारत नसे. नकार पोचला होता, तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी पुढच्या स्थळाची चौकशी सुरू. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही, त्यांचा विषय मात्र आजी कितीतरी दिवस काढत राहायची. “त्यांचं काय झालं हो?”

2023च्या ऑक्टोबरात हाच प्रश्न माझ्या सासूबाई मला रोज संध्याकाळी विचारत होत्या. “त्या खराडीच्या ऑफिसचं काय झालं गं?”

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमची टीम बंद झाली. मी सॉफ्टवेअर टेस्टर, अकरा वर्षांचा अनुभव. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवून कंपनीने निरोप दिला. सप्टेंबरभर अर्ज केले, आणि एका ठिकाणी दोन राउंड ऑनलाइन पार पडल्यावर तिसऱ्या राउंडला प्रत्यक्ष बोलावलं. मंगळवार, 10 ऑक्टोबर. पॅनेलवर तिघं जण होते. सव्वा तास बोलणं चाललं आणि चांगलं चाललं. निघताना मी एचआरला विचारलं, “साधारण कधीपर्यंत कळेल?” ती म्हणाली, “पुढच्या मंगळवारपर्यंत नक्की कळवते.”

हा प्रश्न मी विचारला हे फार बरं झालं. पुढच्या सगळ्या वाट पाहण्याला निदान एक तारीख मिळाली, 17 ऑक्टोबर. तारीख नसली की माणूस दुसऱ्या दिवसापासूनच वाट पाहायला लागतं.

पण त्या मुलाखतीतला एक प्रश्न मला सलत होता. मॅनेजरने विचारलं होतं, “रोज रात्री तुमच्या चारशे ऑटोमेटेड टेस्ट चालतात. त्यातल्या दहा-बारा रोज फेल होतात, पण रोज वेगवेगळ्या. त्याच पुन्हा चालवल्या की पास होतात. काय कराल?” मी सांगितलं की फेल झालेल्या तेवढ्या पुन्हा चालवू, पेज लोड व्हायला वेळ लागत असेल तर तिथला थांबण्याचा वेळ नीट करू. तो म्हणाला, “आणि?” मला पुढे सुचेना. दोन-तीन सेकंद शांतता गेली आणि त्याने पुढचा प्रश्न घेतला.

उत्तर आठवलं ते परतीच्या बसमध्ये, स्वारगेटच्या सिग्नलला. तीन वर्षांपूर्वी आम्ही हाच त्रास काढला होता. आमच्या टेस्ट एकाच वेळी चार रांगांमध्ये चालायच्या, आणि सगळ्या टेस्ट एकच ग्राहक-खातं वापरायच्या. एक टेस्ट त्या खात्याची कार्ट रिकामी करायची, आणि नेमकी त्याच क्षणी दुसऱ्या रांगेतली टेस्ट त्याच कार्टमध्ये माल शोधायची. एकेकटी चालवली की दोन्ही पास. एकत्र चालवली की कधी ही फेल, कधी ती. प्रत्येक टेस्टने स्वतःचं नवं खातं तयार करायचं आणि काम झालं की पुसून टाकायचं, असं केल्यावर तो त्रास थांबला. हे सगळं मी स्वतः केलेलं होतं आणि खुर्चीत बसल्यावर तोंडातून आलं नाही.

घरी आल्यावर आतेबहिणीला फोन लावला. ती नऊ वर्षं रिक्रूटमेंटमध्ये आहे. मी म्हटलं, “ताई, एक उत्तर अर्धवट राहिलं गं.” ती म्हणाली, “मग मेल लिही ना. थँक्यू मेल.”

मला ते जड गेलं. आपल्याकडे घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही, उलट मानले तर परकं वाटतं. आणि बाहेर आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाचा तो शेवटचा भाग, जेव्हा लोक सतरंजीवरून उठून चपला शोधत असतात. मुलाखत घेणाऱ्याला आभाराचं पत्र म्हणजे मस्का मारल्यासारखं होईल, असंच मला वाटत होतं. ताईला तसं म्हटलं. ती म्हणाली, “नुसतं ‘तुमच्या अमूल्य वेळेबद्दल आभारी आहे’ एवढंच लिहिणार असशील तर नको लिहूस. तसे मी रोज वाचते आणि विसरते. पण तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे. ते सांगायला दुसरं निमित्त कुठे मिळणार तुला?”

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी सुटलं. हा मेल म्हणजे मुलाखतीतला शेवटचा भाग, आणि तो एकटा माझ्या हातात होता. बाकी सगळे प्रश्न त्यांचे होते.

मग पंचाईत अशी की पाठवायचा कोणाला. माझ्याकडे फक्त एचआरचा पत्ता. ताईने सांगितलं की मुलाखतीचं जे कॅलेंडर इन्व्हाइट आलं होतं ते उघड, त्यात कोणाकोणाला बोलावलं होतं ती यादी असते. खरंच, तिघांचीही नावं आणि पत्ते तिथे होते. पण तिने एक गोष्ट बजावली. “हे तू थेट कंपनीत अर्ज केलास म्हणून चालतंय. कन्सल्टन्सीमार्फत गेली असतीस तर परस्पर क्लायंटला एक ओळही लिहायची नाही. तो मेल कन्सल्टंटकडे द्यायचा आणि पुढे पाठवा म्हणायचं. नाहीतर त्या दोघांच्या वादात तू अडकशील.” शिवाय नवा मेल सुरू न करता एचआरच्या जुन्या मेललाच उत्तर द्यायचं, म्हणजे त्यात माझं नाव, पोझिशन आणि तारीख आपोआप राहते. मॅनेजर ‘To’ मध्ये, एचआर आणि बाकीचे दोघं ‘Cc’ मध्ये.

रात्री लिहून ठेवला आणि बुधवारी सकाळी सव्वानऊला, माणसं लॅपटॉप उघडतात त्या वेळी पाठवला. मेल अर्थातच इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा:

“नमस्कार. काल आपण तिघांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. रिलीजच्या आदल्या आठवड्यात टेस्टर आणि डेव्हलपर एकत्र बसतात, ही तुमच्या टीमची पद्धत मला आवडली. काल रोज वेगळ्या फेल होणाऱ्या टेस्टच्या प्रश्नाला माझं उत्तर अपुरं राहिलं. माझ्या मागच्या प्रोजेक्टमध्ये याचं कारण असं निघालं, की समांतर चालणाऱ्या टेस्ट एकच खातं वापरत होत्या. फेल झालेल्या टेस्ट आधी एकेकट्या आणि मग मूळ क्रमाने एकत्र चालवून आम्ही ते शोधलं, आणि प्रत्येक टेस्टला स्वतंत्र खातं देऊन सोडवलं. यावर आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. या कामात मला रस आहे.”

एवढंच. पगाराचा विषय नाही, ‘आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत’ नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर फार न सरकवता वाचून होईल एवढा. ताईला दाखवला तेव्हा तिने माझं एक वाक्य काढायला लावलं होतं. ‘मी काल जरा घाबरले होते’ असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, “त्यांना ते दिसलं नसेल, तर तू का दाखवतेस?”

दुपारी मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर आलं. “धन्यवाद, शेवटचा मुद्दा उपयोगी आहे.” मी ती ओळ किती वेळा वाचली असेल ते सांगत नाही. नंतर मला कळलं की पॅनेलचा फीडबॅक बहुतेक वेळा मुलाखत संपल्या संपल्या, पुढच्या मीटिंगच्या आधी, फॉर्ममध्ये भरून झालेला असतो. म्हणजे आभाराचा मेल पोचतो तेव्हा गुण टाकून झालेले असतात. वाईट मुलाखत त्याने चांगली होत नाही. दोघांतून एक निवडायचं असेल आणि मन ठरत नसेल, तेव्हाच त्याचं थोडंफार वजन पडतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर ती ओळ मी तेवढ्या वेळा वाचली नसती.

17 तारीख आली आणि गेली. नवरात्र चालू होतं. फोन वाजला की सासूबाई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायच्या. मी त्यांच्याकडे न बघता फोन घ्यायचे, आणि तो क्रेडिट कार्डवाल्यांचा असायचा.

कबूल केलेल्या तारखेनंतर कामाचा एक दिवस जाऊ दिला आणि गुरुवारी, 19ला, एचआरला त्याच मेलच्या साखळीत लिहिलं. पहिला मसुदा होता, ‘काही अपडेट आहे का?’ ताईने तो फेटाळला. म्हणाली, “माझ्याकडे या घडीला बावीस पोझिशन्स आहेत. प्रत्येकीत पाच-सहा उमेदवार. ‘एनी अपडेट मॅम’ असा मेल आला की मला आधी शोधावं लागतं, हा कोण, कुठल्या पोझिशनचा, कितव्या राउंडला. शोधून झाल्यावर सांगण्यासारखं काही नसतं. मग तो मेल नंतर बघू म्हणून राहतो आणि राहूनच जातो. तू असा प्रश्न विचार, की तिला एका शब्दात उत्तर देता येईल.”

म्हणून मी लिहिलं: “10 ऑक्टोबरला सीनियर टेस्टर या पोझिशनसाठी माझा तिसरा राउंड झाला. ही पोझिशन सध्या चालू आहे, होल्डवर आहे, की दुसऱ्या उमेदवाराची ऑफर प्रक्रियेत आहे, एवढं कळवलंत तर मला पुढचं ठरवता येईल.”

उत्तर आलं नाही. दसरा झाला. 31 तारखेला आणखी एक मेल केला, दोन ओळींचा, आणि त्यात मी दुसरीकडेही बोलणी करते आहे हे साधेपणाने सांगितलं. तेही तसंच गेलं. व्हॉट्सअॅपवर एक निरोप टाकला, त्याला निळ्या खुणा आल्या. मला वाटतं, ते मी करायला नको होतं. मेल वाचला की नाही हे कळत नाही, ती एक प्रकारची कृपाच असते. निळ्या खुणा पाहिल्यावर मी त्या दिवशी दर तासाला तिचं ‘लास्ट सीन’ बघत बसले. जी बाई मला दोनदा भेटली, तिच्या दिवसाचा मी हिशेब ठेवत होते. कंपनीच्या पोर्टलवर माझ्या नावापुढे महिनाभर तेच होतं, Under review.

त्या रात्री ताईला फोन केला तेव्हा मी रडले. “नाही म्हणायला काय जातं गं यांचं? एक ओळ तर लिहायची.”

तिने मग मला आतली गोष्ट सांगितली, आणि ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

“तू बहुतेक दुसऱ्या नंबरवर आहेस,” ती म्हणाली. “पहिल्याला त्यांनी ऑफर दिली असणार. आपल्याकडे नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. तो मुलगा ऑफर खिशात घालून तीन महिने बसणार, त्या काळात आणखी दोन ठिकाणी मुलाखती देणार, जिथे जास्त मिळेल तिकडे जाणार. हे एचआरला पक्कं माहीत असतं. म्हणून दुसऱ्या नंबरच्या माणसाला नकार देत नाहीत. नकार दिला तर तो गेला. होकार देता येत नाही, कारण जागा एकच. मग गप्प बसतात. आमच्या भाषेत त्याला बॅकअप म्हणतात.”

“पण पोर्टलवर अंडर रिव्ह्यू दाखवतंय.”

“कोणीतरी सिस्टिममध्ये जाऊन तुझं स्टेटस बदललं तरच तो नकाराचा मेल सुटतो. बॅकअपचं स्टेटस कोण बदलेल? आणि पोझिशनच होल्डवर गेली असेल, बजेट अडकलं असेल, तर कोणाचंच स्टेटस कोणी बदलत नाही. वर्षभर अंडर रिव्ह्यू दिसेल तुला.”

मी विचारलं की मग कमीत कमी एवढं सांगावं, तू दुसऱ्या नंबरवर आहेस. ती जरा गप्प झाली. “सांगायला हवं. पण लोक भांडतात गं. मी का नाही, माझ्यात काय कमी होतं, लेखी द्या म्हणतात. लेखी कारण द्यायची आम्हाला परवानगी नसते. एकदा तसं झालं की माणूस पुढच्या वेळी गप्प राहायला शिकतो.” तिने स्वतःची बाजू सावरून घेतली नाही, म्हणून मला तिचा राग आला नाही.

त्या बोलण्याने दुःख गेलं असं नाही, पण त्याचा आकार बदलला. तोवर मी रोज त्या सव्वा तासाची उजळणी करत होते. कुठे चुकले, ते वाक्य का बोलले, साडी नेसायला हवी होती का, इतक्या थरापर्यंत. आता दिसलं की उत्तर न येण्यात माझ्याबद्दलचा निकाल नव्हताच. एका अनोळखी मुलाचे नव्वद दिवस चालू होते, आणि मी त्यांच्या मागे उभी होते.

मी एक्सेलमध्ये एक तक्ता ठेवला होता. कंपनी, कोणाशी बोलले, कबूल केलेली तारीख, पहिला मेल, दुसरा मेल. त्यात आणखी एक रकाना केला, ‘बंद’. नियम एवढाच, की दुसऱ्या मेलनंतर आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्या ओळीत मी स्वतः तारीख घालायची आणि ती राखाडी करायची. त्यांनी कळवलं नाही, तर मी मला कळवायचं. खराडीची ओळ मी 8 नोव्हेंबरला राखाडी केली. दुसऱ्या दिवशी वसुबारस होती. संध्याकाळी सासूबाईंनी विचारायच्या आतच मी सांगितलं, “आई, ते बंद झालं.” त्या म्हणाल्या, “असू दे,” आणि चकलीचा सोऱ्या माझ्याकडे दिला. बरेच दिवसांनी त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपले.

ओळ राखाडी केल्याचा खरा उपयोग दिवाळीनंतर झाला. बाणेरच्या एका छोट्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. पगार थोडा कमी म्हणून मी त्यांना टोलवत होते, कारण मनात खराडी होती. आता तिथे गेले, बोलले, आणि 4 डिसेंबरला रुजू झाले.

15 जानेवारी, संक्रांत. ऑफिसात कोणीतरी तिळगूळ वाटत होतं. पावणेबाराला फोन वाजला, खराडीची एचआर. आवाज अगदी कालच बोलल्यासारखा. “मॅम, तुमची प्रोफाइल आमच्याकडे शॉर्टलिस्टेड आहे. तुम्ही लगेच जॉइन होऊ शकाल का?” मी विचारलं, “आज कोणी जॉइन होणार होतं का?” ती थबकली. मग हळूच म्हणाली, “हो. आलेच नाहीत. फोनही उचलत नाहीत.” पुढे म्हणाली, मॅनेजरनेच तुमचं नाव काढलं, तो टेस्टबद्दलचा मेल त्यांना आठवत होता.

ऑक्टोबरपासून सत्त्याण्णव दिवस झाले होते. मी नाही म्हटलं. राग धरून म्हटलं नाही. रुजू होऊन सहा आठवडे झाले होते आणि काम मनासारखं होतं. पण फोन ठेवण्याआधी एक गोष्ट तिला सांगितलीच. “तुम्ही मला नोव्हेंबरात दुसरा नंबर आहे एवढं सांगितलं असतं, तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलले असते का माहीत नाही. पण मला झोप लागली असती.” ती सॉरी म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं असं मला वाटलं. त्या मुलाने तिला दिलेला अनुभव आणि तिने मला दिलेला, दोन्ही एकाच सकाळी तिच्या टेबलावर होते.

आता मीही पॅनेलवर बसते. गेल्या महिन्यात लातूरकडच्या एका मुलाची मुलाखत घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला, चार ओळींचा, एका प्रश्नाचं राहिलेलं उत्तर लिहिलेला. पॅनेलवरच्यांनी निकालाबद्दल उमेदवाराशी बोलायचं नाही असा आमच्याकडेही नियम आहे, तेव्हा मी एवढंच लिहिलं की उत्तर वाचलं, बरोबर आहे, निर्णय एचआर कळवतील. मग उठून आमच्या एचआरच्या टेबलाशी गेले. पहिल्या मुलीला ऑफर गेली होती, तिचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा. मी म्हटलं, त्याला आज फोन करून खरं सांग, दुसऱ्या नंबरवर आहेस म्हणून. तिला ते पटेना. तो निघून जाईल, म्हणाली. मी तिथेच खुर्ची ओढून बसले. शेवटी तिने फोन लावला.

दोन मिनिटांचं बोलणं झालं. ठेवल्यावर ती म्हणाली, “थँक्यू म्हणाला. म्हणाला, मॅडम, थांबायची तयारी आहे, पण मी दुसरीकडेही बघत राहीन.” आणि काळजीने माझ्याकडे बघायला लागली.

“बघू दे ना,” मी म्हटलं.